आभार नेमके कशाचे?

आयकराच्या लेखापरीक्षणाची मुदत एरवी ३० सप्टेंबर. ती गाठली की संचालक हिशेब विभागाला पत्र लिहितात आणि बहुधा ‘अथक परिश्रमां’वरच थांबतात. त्यापेक्षा असं लिहावं: ‘गोदामातला माल आणि स्टॉक रजिस्टर जुळत नव्हतं. तुम्ही एकेक पावती तपासलीत. मार्चअखेर आलेला माल एप्रिलमध्ये नोंदवला गेल्याचं सापडलं. फरक न लपवता तुम्ही तो लेखापरीक्षकांना आपणहून सांगितलात, त्याबद्दल आभार. बुडालेल्या रविवारांच्या बदली रजा दिवाळीआधी घ्या.’

‘एकही शेरा आला नाही’ म्हणून मात्र आभार मानू नयेत. पुढच्या वर्षी चूक दाखवायला कोण धजेल? बाहेरच्या लेखापरीक्षकांना पत्र वेगळं, कोरडं, भेटवस्तूविना. त्यांनी कंपनीपासून स्वतंत्र असायचं असतं.