१४ हजार खाती, ६९ लाख माणसे

२०२३ साली ‘ट्वेंटी-थ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीच्या सुमारे १४ हजार खात्यांत चोर शिरले. लाळेचा नमुना घेऊन वंशमूळ सांगणाऱ्या या कंपनीचे तेव्हा सुमारे १ कोटी ४० लाख ग्राहक होते. म्हणजे फुटलेली खाती हजारात एक. माहिती मात्र सुमारे ६९ लाख जणांची गेली, जवळजवळ निम्म्या ग्राहकांची. एका खात्यामागे सरासरी ४९३ माणसे.

हा गुणाकार एका सोयीमुळे झाला. डीएनए जुळणारे नातलग दाखवणारी यादी ग्राहक स्वतः सुरू करतो. साध्या खात्यात ती १,५०० नावांपर्यंत जाते. ६९ लाखांपैकी सुमारे ५५ लाख जण या याद्यांतून उघडे पडले, उरलेले १४ लाख वंशवृक्षाच्या सुविधेतून. चोरांनी इतर संकेतस्थळांवरून फुटलेले पासवर्ड इथे चालवून पाहिले होते. त्यामुळे ज्याने स्वतःचा पासवर्ड वेगळा ठेवला, त्याचेही नाव, नाते आणि जुळणाऱ्या डीएनएची टक्केवारी दूरच्या भावंडाच्या निष्काळजीपणाने गेली. त्याची संमती नातलगाला माहिती दाखवण्यापुरती होती. नातलगाचा पासवर्ड किती पक्का आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि दुहेरी पडताळणी तेव्हा ऐच्छिक होती. माझ्या मते खरी चूक या रचनेत आहे.

ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जून २०२५ मध्ये २३ लाख १० हजार पौंडांचा दंड केला. तिथले बाधित १,५५,५९२. माणशी हिशेब १५ पौंडांहून किंचित कमी.

ज्यांनी कधी नमुनाच दिला नाही, त्यांचे गणित आणखी अवघड आहे. सख्ख्या चुलत भावंडांचा सरासरी १२.५ टक्के डीएनए जुळतो. खापरपणजोबा-खापरपणजी एकच असलेल्या भावंडांचा सरासरी ०.७८ टक्के. एवढा धागाही माग काढायला पुरतो. २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील अभ्यासात १२ लाख ८० हजार जणांचा डेटाबेस तपासला गेला. युरोपीय वंशाच्या व्यक्तीचा शोध घेतला, तर सुमारे ६० टक्के वेळा या टप्प्यातला किंवा जवळचा नातलग सापडत होता. एखाद्या समाजातील २ टक्के लोक डेटाबेसमध्ये आले, की त्या समाजातील जवळपास प्रत्येकाचा असा नातलग त्यात मिळेल, असा अभ्यासकांचा अंदाज होता. उरलेल्या ९८ टक्क्यांना कुणी विचारलेले नसते.

मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर सुमारे १९ लाख ग्राहकांनी, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास लोकांनी, आपली माहिती पुसण्याची मागणी केली. पुसली जाते ती अर्जदाराची नोंद. त्याच्याशी निम्मा डीएनए जुळणाऱ्या सख्ख्या बहिणीची नोंद, तिने स्वतः मागणी केल्याखेरीज, तशीच राहते.