फ्रँक वधारला, भत्ता तोकडा पडला

१५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने १ युरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा अचानक उठवली आणि काही दिवसांतच युरो जेमतेम एका फ्रँकवर आला. समजा, झुरिचला नेमलेल्या कर्मचाऱ्याला ३,००० युरो भत्ता आहे. त्याचे आधी ३,६०० फ्रँक होत, आता ३,०००. घरभाडे मात्र तेच, १,८०० फ्रँक.

कंपनीला पत्र लिहिताना नुसतं ‘महागाई वाढली’ म्हणू नये. ते खरंही नाही. दोन्ही तारखांचे दर आणि भाडेकरार जोडावा. घरी पाठवायच्या पगारावर भरपाई मागू नये, फक्त तिथे खर्च होणाऱ्या रकमेवर मागावी. भत्ता फ्रँकमध्येच ठरवून द्या, ही मागणी सर्वांत रास्त.