उणे महागाईचा आकडा
लेखमाला : पैशाचे मोल – लेखांक सातवा

मागील लेखांकात आपण साध्या सरकारी रोख्याचा विचार केला. त्यात ऋणको सरकार ठरावीक मुदतीनंतर ठरावीक रक्कम परत करण्याचे कबूल करते, आणि त्या रकमेत तेव्हा किती धान्य, किती कापड वा किती इंधन येईल याची जोखीम सर्वस्वी धनकोच्या माथी राहते. अमेरिकेच्या कोषागाराने जानेवारी १९९७ मध्ये या जुन्या करारनाम्याशेजारी दुसऱ्या जातीचा करारनामा विक्रीस काढला. ब्रिटनने तसा तो १९८१ मध्येच काढला होता. या रोख्याचे मुद्दल ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधलेले असते. रोखा काढला त्या दिवशी निर्देशांक २०० असेल आणि पुढे तो २२० झाला, तर १,००० डॉलरांचे मुद्दल १,१०० डॉलर होते. त्यावरील व्याजाचा दर बदलत नाही, परंतु ते वाढलेल्या मुद्दलावर आकारले जाते. दोन टक्के व्याजाच्या रोख्यावर सहामाहीस दहाऐवजी अकरा डॉलर हाती येतात. असे रोखे घेणारा महागाईच्या वर किती मिळणार एवढेच ठरवून घेतो, आणि त्या दरास आपण ‘वास्तव परतावा’ म्हणू.

एकाच सरकारचे, एकाच मुदतीचे, पण महागाईची जोखीम वेगवेगळ्या पक्षावर टाकणारे असे दोन कागद एकाच बाजारात रोज विकले जाऊ लागले, म्हणजे त्यांच्या परताव्यांची वजाबाकी करून पाहण्याचा मोह कोणाही जिज्ञासूस आवरणे कठीण. साध्या रोख्याचा परतावा साडेचार टक्के आणि निर्देशांकबद्ध रोख्याचा दोन टक्के असेल, तर अडीच टक्के उरतात. पुढील मुदतीत महागाई सरासरीने वर्षाला नेमकी अडीच टक्के राहिली तर दोघांचेही पारडे सारखे राहील. अधिक झाली तर निर्देशांकबद्ध रोखेवाला जिंकेल, कमी झाली तर साधा रोखेवाला. या अंतरास बाजारात ब्रेक-ईव्हन म्हणतात; आपण त्यास ‘समतुल्य महागाई’ म्हणू. मध्यवर्ती बँकांचे अधिकारी आणि वृत्तपत्रे हा आकडा ‘बाजारास अपेक्षित असलेली महागाई’ म्हणून उद्धृत करतात. माझ्या मते हे वाचन बहुतेक दिवशी उपयोगी असते आणि काही दिवशी अत्यंत घातक ठरते. आणि ते केव्हा घातक ठरते हे जाणण्यास २००८ च्या नोव्हेंबराइतके बोधप्रद उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

त्या महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या पाच वर्षे मुदतीच्या साध्या रोख्यावर सुमारे १.९ टक्के, तर तेवढ्याच मुदतीच्या निर्देशांकबद्ध रोख्यावर ४ टक्क्यांहून अधिक वास्तव परतावा मिळत होता. वजाबाकी उणे २ टक्क्यांच्याही खाली जात होती. आकड्यास भाकीत मानावे तर त्याचा अर्थ असा, की अमेरिकेत पुढील पाच वर्षांत किमती एकूण दहा टक्क्यांनी उतरतील. १९२९ ते १९३३ या महामंदीत तेथील किमती सुमारे चतुर्थांशाने उतरल्या होत्या, त्यामुळे अशी घसरण कल्पनेपलीकडची नव्हती. तथापि फिलाडेल्फिया येथील फेडरल रिझर्व्ह बँक अर्थतज्ज्ञांची जी त्रैमासिक चौकशी करते, तिच्यातील जाणकार त्याच सुमारास पुढील दहा वर्षांची सरासरी महागाई अडीच टक्क्यांच्या आसपास सांगत होते. मुदती वेगळ्या होत्या हे खरे. पण चार-साडेचार टक्क्यांची तफावत मुदतीच्या फरकाने भरून निघत नाही.

या तफावतीचा पहिला भाग कराराच्या एका कलमात दडलेला आहे. निर्देशांक गोळा करून प्रसिद्ध होण्यास काळ लागतो, म्हणून मुद्दलाची वाढ-घट तीन महिने मागील निर्देशांकावरून केली जाते. १ डिसेंबर २००८ रोजी रोख्याचा हिशेब सप्टेंबरच्या निर्देशांकावर, म्हणजे २१८.८ वर होत होता. परंतु जुलैत पिंपाला १४५ डॉलरांच्या वर गेलेले खनिज तेल तोवर कोसळले होते, ऑक्टोबरचा २१६.६ हा आकडा जाहीर झालेला होता, आणि पेट्रोल पंपावरील दर पाहणाऱ्या कोणासही पुढचे आकडे आणखी खाली येणार हे दिसत होते. ते तसे आलेही: नोव्हेंबरात २१२.४, डिसेंबरात २१०.२. म्हणजे १ डिसेंबरला रोखा घेणाऱ्याच्या मुद्दलातून पुढील तीन महिन्यांत जवळजवळ चार टक्के वजा होणार होते, आणि हा तोटा भविष्याविषयीच्या अंदाजाचा नसून बराचसा घडून गेलेल्या घसरणीची उशिरा होणारी वसुली होता. चार टक्के पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला सुमारे ०.८ टक्का होतो. उणे दोनमधील एवढा अंश तरी अपेक्षा म्हणून वाचणे चूक होते.

दुसरा भाग मोठा आणि अधिक गंभीर. वजाबाकी करताना आपण असे गृहीत धरतो, की दोन्ही कागद विकावयास गेले असता सारख्याच सुलभतेने विकले जातात. साधे सरकारी रोखे जगातील सर्वांत सहज खपणारा कागद आहेत. निर्देशांकबद्ध रोख्यांचे ग्राहक मोजके, बहुधा निवृत्तिनिधी आणि विमा कंपन्या, आणि ते मुदत संपेपर्यंत कागद पेटीत ठेवणारे. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही पेढी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तिने तारण म्हणून ठेवलेले पुष्कळ निर्देशांकबद्ध रोखे धनकोंच्या हाती आले आणि त्यांनी ते मिळेल त्या भावाने बाजारात लोटले, असे जॉन कॅम्बेल, रॉबर्ट शिलर आणि लुईस विसेरा या अर्थशास्त्रज्ञांनी पुढील वर्षी नोंदवून ठेवले आहे. ज्यांना त्या भावाने घ्यावयास हवे होते त्यांच्याजवळ भांडवल उरले नव्हते, आणि ज्यांच्याजवळ रोकड होती त्यांना उद्या सकाळी विकता येईल असाच कागद हवा होता. साध्या रोख्यांकडे झुंबड उडाल्याने त्यांचा परतावा खाली दबला, निर्देशांकबद्ध रोखे बेवारस झाल्याने त्यांचा परतावा वर उसळला, आणि दोन्ही बाजूंनी वजाबाकी आकुंचित झाली. किमतींच्या भवितव्याविषयी एकाही माणसाचे मत बदलले नसते तरी हे घडले असते.

हे केवळ अनुमान नव्हे, याची साक्ष त्याच बाजारात मिळत होती. या रोख्यांच्या करारनाम्यात असे कलम आहे, की मुदतीअखेर मुद्दल मूळ रकमेहून कमी होणार नाही. निर्देशांक १८० असताना काढलेल्या जुन्या रोख्यास या संरक्षणाचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण २१८ वरून १८० पर्यंत किमती उतरेपर्यंत ते लागूच होत नाही. नुकत्याच काढलेल्या रोख्यास मात्र ते पहिल्या घसरणीपासून राखते. त्यामुळे जवळपास एकाच दिवशी संपणाऱ्या जुन्या आणि नव्या रोख्यांच्या वास्तव परताव्यांत त्या दिवसांत मोठे अंतर पडले, आणि कोणता रोखा हिशेबास घेतला यावर समतुल्य महागाईचा आकडा बदलू लागला. शिवाय महागाईच्या अदलाबदलीचे जे खासगी करार बँका आपसांत करतात, ज्यांस स्वॅप म्हणतात, त्यांत रोखे विकत घेऊन भांडवल गुंतवावे लागत नाही. त्यांतून निघणारा महागाईचा दर रोख्यांतून निघणाऱ्या दराहून बराच वर राहिला. एकच गोष्ट मोजणारी दोन मापे अशी दूर सरकली, म्हणजे दोष मापात आहे असे समजावे. आणि आजही हा आकडा वाचणाऱ्याने प्रथम हीच तुलना करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता त्या दिवशी निर्णय घेणाऱ्या दोघांचे पुढे काय झाले ते पाहू. मिळालेले व्याज त्याच दराने पुन्हा गुंतवले असे सोयीसाठी धरू. ज्याने शंभर डॉलर १.९ टक्क्यांच्या साध्या रोख्यात घातले, त्याचे पाच वर्षांनी सुमारे ११० झाले. ज्याने ते ४.२ टक्के वास्तव परताव्याच्या निर्देशांकबद्ध रोख्यात घातले, त्याचे किमती स्थिर राहिल्या असत्या तरी सुमारे १२३ झाले असते. सप्टेंबर २००८ ते सप्टेंबर २०१३ या अवधीत निर्देशांक २१८.८ वरून २३४.१ वर, म्हणजे सात टक्क्यांनी चढला. तेव्हा त्याच्या हाती सुमारे १३१ डॉलर आले. त्याच्या रोख्यास लागू झालेली महागाई वर्षाला १.४ टक्क्यांच्या जवळ पडली. शंभरावर एकवीस डॉलरांचा हा फरक, आणि तोही दोन्हीकडे ऋणको एकच, अमेरिकन सरकार, असताना. एखाद्या भाकितात इतकी चूक होऊ शकते. पण संकटाच्या दिवसांत रोकड जवळ ठेवण्यासाठी लोक किती किंमत मोजतात याचे मोजमाप म्हणून तो आकडा मुळीच चुकीचा नव्हता.

शांत काळात या आकड्यात उलट दिशेची भेसळ असते. महागाई अनपेक्षितपणे भडकेल या भीतीने साध्या रोख्याचा धनको थोडा जास्त परतावा मागतो, आणि तेवढ्याने समतुल्य महागाई खऱ्या अपेक्षेच्या वर जाते. या अधिमूल्याचे आणि रोकडसुलभतेच्या वजावटीचे प्रमाण स्थिर राहिले, तर आकड्याच्या पातळीवर भरवसा ठेवता आला नाही तरी त्याच्या चढउतारावर ठेवता येतो. पंचाईत होते ती दोन्ही प्रमाणे एकाएकी बदलतात तेव्हा.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने असे दहा वर्षांचे रोखे जून २०१३ मध्ये लिलावास काढले. पहिल्या लिलावात १,००० कोटींचे रोखे १.४४ टक्के वास्तव दराने गेले. परंतु ते घाऊक किंमत निर्देशांकाशी बांधलेले होते. गृहस्थाच्या खर्चाचा निर्देशांक त्या वर्षी नऊ-दहा टक्क्यांनी चढत असता घाऊक निर्देशांक त्याच्या निम्म्याच्या आसपास चढत होता, आणि २०१४ च्या अखेरीपासून तर तो उणे झाला. ज्या महागाईची झळ लागते तिच्यापासून रोखा संरक्षण देत नाही हे दिसताच ग्राहक पांगले. आणि खरेदी-विक्री तुरळक असलेल्या कागदाच्या भावातून बाजाराची अपेक्षा वाचता येत नाही. रिझर्व्ह बँक आजही मुंबईसह अनेक शहरांतील कुटुंबांना विचारूनच हा अंदाज बांधते, आणि त्या कुटुंबांची उत्तरे प्रत्यक्ष महागाईच्या सातत्याने वर राहतात. ती का वर राहतात, याची चर्चा पुढील लेखांकात करू.