गैरहजेरीचा निरोप: वर्गाच्या ग्रुपवर काय लिहावे आणि काय लिहू नये

शाळेच्या एका वर्गातील पालक आणि वर्गशिक्षिका यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर जो गट केलेला असतो, त्याला बोलण्यात ‘वर्गाचा ग्रुप’ म्हणतात; आणि मूल आज शाळेत येणार नाही हे कळवण्याचे मुख्य साधन आता हा ग्रुपच झाला आहे. ठाणे महापालिका हद्दीतील दिव्यासारख्या ठिकाणी ही सोय विशेष मोलाची ठरते, कारण वसई आणि पनवेलकडे फाटे फुटणाऱ्या या जंक्शनवरून असंख्य आईवडील पहाटेच लोकलने मुंबईकडे निघतात, मुलाला शाळेत सोडण्याचे काम आजी, शेजारीण किंवा व्हॅनवाले काका करतात, आणि निरोप बहुधा गर्दीत उभ्याउभ्या, एका हाताने लिहिला जातो. अशा घाईत लिहिलेल्या दोन ओळींमागे काही समजुती असतात, आणि त्यांतील काही वस्तुस्थितीला धरून नाहीत.

पहिली आणि सर्वांत नडणारी समजूत अशी की, ग्रुपवर लिहिले म्हणजे शाळेला कळले. वस्तुस्थिती अशी आहे की गैरहजेरीची नोंद हजेरीपत्रकात, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यासमोर रोजची उपस्थिती लिहिण्याच्या वहीत, वर्गशिक्षिका करतात. त्यामुळे निरोप खऱ्या अर्थाने त्या एकाच व्यक्तीसाठी असतो आणि ग्रुप हा केवळ तिच्यापर्यंत जाण्याचा रस्ता असतो. अनेक वर्गांत दोन ग्रुप असतात, एक शिक्षिकेने चालवलेला आणि दुसरा पालकांनी आपापसांत अभ्यास विचारण्यासाठी केलेला, ज्यात शिक्षिका नसतातच. घाईत निरोप दुसऱ्या ग्रुपवर पडला, तर चाळीस घरांना बातमी कळते आणि जिला कळायला हवी तिला कळत नाही. शिवाय काही शाळांचे ग्रुप ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ अशा रचनेचे असतात, म्हणजे तिथे पालकांना सूचना वाचता येतात पण लिहिता येत नाही. तिथे शिक्षिकेच्या क्रमांकावर किंवा शाळेच्या कार्यालयात थेट कळवणे हाच मार्ग उरतो. व्हॅनवाल्या काकांना तर ग्रुपमधले काहीच दिसत नाही, त्यामुळे त्यांना वेगळा फोन न केल्यास व्हॅन दारात थांबून राहते आणि पुढच्या सगळ्या मुलांना उशीर होतो.

निळ्या खुणांबद्दलही असाच गैरसमज आहे. ग्रुपमधील संदेशाखालच्या दोन खुणा निळ्या होतात त्या सगळ्या सदस्यांनी संदेश वाचल्यानंतरच, म्हणून त्या राखाडी दिसल्या तरी शिक्षिकेने वाचलेच नाही असा अर्थ निघत नाही. आणि दोन-चार पालकांनी हात जोडल्याच्या चिन्हांनी उत्तर दिले म्हणून शिक्षिकेने वाचले असाही अर्थ निघत नाही. आपल्या संदेशावर बोट दाबून धरून ‘माहिती’ उघडली की तो कोणाकोणाला पोहोचला आणि कोणी वाचला हे नावानिशी दिसते. शाळा भरण्याच्या वेळेपर्यंत त्या यादीत शिक्षिकेचे नाव ‘वाचले’ या भागात आले नसेल, तर कार्यालयात एक फोन करणे उचित असते.

दुसरी समजूत अशी की, आदर म्हणजे लांबी. जितके अधिक लिहावे, जितकी अधिक क्षमा मागावी, तितका निरोप नम्र. ही समजूत कशी अडचणीची ठरते हे एका नमुन्यात पाहता येते. समजा, इयत्ता तिसरीतील मुलाला रात्री ताप आला, आणि सकाळी ग्रुपवर असा मजकूर पडला: ‘गुड मॉर्निंग मॅडम, सॉरी टू डिस्टर्ब, काल रात्रीपासून बाळाला खूप त्रास होतोय, आधी सर्दी होती मग अंग तापलं, डॉक्टरकडे नेलं तर ते म्हणाले व्हायरल आहे, रात्रभर झोपलाच नाही, आम्ही पण जागेच होतो, तर बघू कसं वाटतं ते, प्लीज आजचा अभ्यास कोणीतरी टाका’, आणि त्याखाली थर्मामीटरचा फोटो. या मजकुरात आईची काळजी खरी आहे, पण हजेरी घेणाऱ्या शिक्षिकेला लागणाऱ्या तीन गोष्टींपैकी एकही त्यात नाही: कोणाचे मूल, कोणता दिवस, आणि येणार की नाही. ‘बाळाला’ या शब्दावरून पन्नास मुलांतले मूल ओळखता येत नाही, कारण व्हॉट्सॲपवर पालकाचे नाव बहुधा ‘स्वराची मम्मा’ किंवा नुसते एखादे फूल असते. आणि ‘बघू कसं वाटतं’ यामुळे मूल दुपारी येईल की काय, हा प्रश्न उघडाच राहतो.

तोच निरोप हजेरीपत्रकाच्या बाजूने विचार करून लिहिला, तर तो असा होतो: ‘नमस्कार बाई. (मुलाचे पूर्ण नाव), 3 री ब, हजेरी क्रमांक 17, आज मंगळवार, 14 जुलै रोजी ताप असल्यामुळे शाळेत येऊ शकणार नाही. उद्याचे आज संध्याकाळी 7 पर्यंत कळवते. कृपया नोंद घ्यावी. – आई’. ‘आज’ लिहूनही तारीख दिली आहे, कारण रात्री लिहिलेला ‘उद्या’ सकाळी वाचताना ‘आज’ झालेला असतो आणि गोंधळ तिथेच होतो. हजेरी क्रमांक दिल्यामुळे एकाच नावाची दोन मुले असली तरी बोट नेमक्या ओळीवर पडते. पुढच्या दिवसाची वेळ ठरवून दिल्यामुळे शिक्षिकेला विचारावे लागत नाही; मात्र ती वेळ पाळली गेली नाही, तर हे वाक्य नसलेलेच बरे होते असे म्हणावे लागेल.

आदर या मजकुरात कुठे आहे, असा प्रश्न पडू शकतो. मराठीत आदर क्रियापदात आणि संबोधनात राहतो: ‘बाई’, ‘सर’ किंवा त्या शाळेत रूढ असलेले ‘टीचर’, आणि ‘नोंद घ्या’ऐवजी ‘नोंद घ्यावी’. त्यापलीकडे क्षमा मागण्याचे कारण नाही, कारण आजारी मुलाला घरी ठेवणे हा अपराध नाही. ‘सुट्टी मंजूर करावी ही नम्र विनंती’ अशी भाषाही तापाच्या दिवशी अस्थानी ठरते. तिथे परवानगी मागितली जात नसते, माहिती दिली जात असते, आणि हा फरक शब्दांत दिसला तर निरोप आपोआप आटोपशीर होतो. आवाजी संदेश पाठवणे सोपे वाटते, पण भरलेल्या वर्गात शिक्षिकेला तो ऐकता येत नाही आणि नंतर शोधताही येत नाही, म्हणून या कामासाठी तो टाळावा.

तिसरी समजूत आजाराच्या नावाविषयी आहे आणि ती दोन्ही टोकांना जाते: काही पालकांना वाटते की आजार सगळ्यांना सविस्तर सांगणे हे इतरांच्या हिताचे आहे, तर काहींना वाटते की आजाराचे नाव कोणालाच सांगू नये. साध्या तापासाठी ‘ताप’ किंवा ‘प्रकृती बरी नाही’ एवढे पुरते. औषधांची चिठ्ठी आणि तपासणीचा अहवाल ग्रुपवर टाकू नये, कारण त्यावर मुलाचे नाव, वय, कधी पत्ताही असतो आणि तो फोटो चाळीस फोनांत उतरतो. संदेश ‘सर्वांसाठी हटवला’ तरी आधीच कोणी पुढे पाठवलेली प्रत मागे घेता येत नाही.

संसर्गजन्य आजारात मात्र गप्प राहणे चुकीचे असते. कांजिण्या अंगावर पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरतात, आणि गोवर पुरळाच्या साधारण 4 दिवस आधीपासून 4 दिवस नंतरपर्यंत. म्हणजे पुरळ दिसते तेव्हा ते मूल शाळेत बाकावर शेजाऱ्याबरोबर बसून आलेले असते. कांजिण्या कधीच न झालेल्या गरोदर शिक्षिकेला किंवा एखाद्या मुलाच्या गरोदर आईला हा संसर्ग गंभीर ठरू शकतो, त्यामुळे ही माहिती लवकर पोहोचणे गरजेचे असते. तिचा योग्य क्रम असा की पालकाने ग्रुपवर फक्त गैरहजेरी कळवावी, आजाराचे नाव शिक्षिकेला स्वतंत्रपणे कळवावे, आणि ‘वर्गात एका विद्यार्थ्याला कांजिण्या झाल्या आहेत, पालकांनी मुलांच्या अंगावरील पुरळाकडे लक्ष ठेवावे’ अशी सूचना शाळेने मुलाचे नाव न घेता द्यावी. यात इतर मुलांचे संरक्षण होते आणि परतल्यावर त्या मुलाला कोणी ‘कांजिण्यावाला’ म्हणत नाही.

पावसाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. दिव्यात सखल भागात पाणी साचले किंवा लोकल रखडल्या की ग्रुपवर ‘शाळा आहे का?’ या एकाच प्रश्नाचे संदेश धडाधड पडू लागतात आणि त्यात कोणाच्या तरी तापाचा निरोप बुडून जातो. इथे समजूत अशी असते की एवढा पाऊस आहे म्हणजे सुट्टी गृहीतच आहे. सुट्टी तेव्हाच असते जेव्हा जिल्हाधिकारी, महापालिका किंवा शाळा ती जाहीर करते. शाळा भरली आणि मूल पाण्यामुळे येऊ शकले नाही, तर ती गैरहजेरीच असते आणि तिचा निरोप द्यावाच लागतो. अशा दिवशी ग्रुपवर लिहूनही शिक्षिकेला तोच मजकूर स्वतंत्रपणे पाठवणे शहाणपणाचे असते.

चौथी समजूत लांबच्या रजेला धरून आहे: ग्रुपवरचा संदेश हाच रजेचा अर्ज. एक-दोन दिवसांसाठी बहुतेक शाळा संदेश पुरेसा मानतात, पण मोठ्या रजेसाठी मुख्याध्यापकांच्या नावे सहीचा लेखी अर्ज लागतो, कारण फोन बदलला की संदेश जाऊ शकतो आणि अर्ज फायलीत राहतो. सहा ते चौदा वर्षांचे मूल महिन्याहून अधिक काळ सतत गैरहजर राहिले, तर शासनाच्या सर्वेक्षणात त्याची गणना ‘शाळाबाह्य’ मुलांत, म्हणजे शिक्षणाच्या प्रवाहाबाहेर गेलेल्या मुलांत होऊ शकते. दहावी-बारावीत तर बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के उपस्थितीची अट असते आणि आजारामुळे ती कमी पडल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. तिथे ग्रुपवरच्या जुन्या निरोपांचा उपयोग होत नाही. उलट टोकाची भीतीही निराधार आहे: शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, त्यामुळे एक दिवस कळवायचे राहिले म्हणून नाव कमी होईल या धास्तीने खोटे कारण लिहिण्याची गरज नसते.

दिव्यात लांब रजेचा सर्वांत नेहमीचा प्रसंग गणपतीचा. सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते आणि कोकणातली कुटुंबे शाळेच्या सुट्टीपेक्षा आधी निघतात किंवा गौरी-विसर्जन उरकून उशिरा परततात. कारण आनंदाचे असल्यामुळे ते लपवण्याची प्रवृत्ती होते आणि ‘ताप’ लिहिला जातो; मग गावच्या मखराचा फोटो त्याच फोनच्या स्टेटसला लागतो आणि पुढच्या खऱ्या तापावर विश्वास बसत नाही. इथे मात्र ‘परवानगी’ हा शब्द योग्य असतो, कारण रजा पालकाच्या निवडीची असते. निघण्याच्या आठवडाभर आधी शिक्षिकेला अर्ज द्यावा, त्या काळात चाचणी परीक्षा आहे का हे विचारावे, आणि ग्रुपवर फक्त एवढे: ‘नमस्कार बाई. (मुलाचे पूर्ण नाव), 3 री ब, हजेरी क्रमांक 17, गणपतीनिमित्त गावी जात असल्यामुळे शुक्रवार, 11 सप्टेंबर ते सोमवार, 21 सप्टेंबर शाळेत येणार नाही; मंगळवार, 22 सप्टेंबर रोजी हजर राहील. रजेचा अर्ज कार्यालयात दिला आहे. परतीच्या तिकिटात बदल झाल्यास 20 तारखेला कळवू. – वडील’.