स्विचबोर्डाभोवतीची काळी भिंत

स्वयंपाकघराच्या दाराशी स्विचबोर्ड असेल, तर त्याभोवतीची भिंत जरा नीट बघा. फोडणी टाकता टाकता बटण दाबणाऱ्या हातांचा तेलकट काळपटपणा, त्याखाली मुलांची उंची मोजून मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा आणि चौकटीशी खुर्ची घासून उठलेला काळा ओरखडा. तिन्ही डाग वेगळ्या जातीचे. सगळ्यांवर सरसकट ओला फडका फिरवला, की भिंत आधीपेक्षा वाईट दिसू लागते.

आधी रंग कोणता आहे ते पाहावं. दाराआडच्या भिंतीवर ओलं पांढरं फडकं हलकेच घासा. फडक्याला रंग लागला तर तो बहुधा साधा डिस्टेंपर. तो धुवायच्या भानगडीत पडू नका, खोडरबरानं निघेल तेवढंच खरं. फडकं स्वच्छ राहिलं तर प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट. मग पुढे जायला हरकत नाही.

सुरुवात कोरडी करायची, पेन्सिलीपासून. ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ओलं फडकं लागताच रेघेचा करडा फराटा होतो. मऊ पांढरा खोडरबर हलक्या हातानं चालवा. रंगीत नको, तो स्वतःचाच रंग भिंतीला देतो. ओरखड्यावर आधी नख फिरवून बघा. खाच लागली तर रंग उडालाय, तो पुसून परत येणार नाही. गुळगुळीत लागलं तर खुर्चीच्या पायाचं रबर वर चिकटलंय आणि बऱ्याचदा तेही खोडरबरानंच सुटतं.

आता तेलकटपणा. मेन स्विच बंद करा. अर्धा लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा भांडी घासायचं लिक्विड पुरतं. भिंतीवर फवारा मारू नका, फडकं घट्ट पिळून घ्या आणि खालून वर पुसत जा. वरून सुरुवात केली तर मळकं पाणी कोरड्या भिंतीवरून ओघळतं आणि त्याचे पट्टे हट्टी असतात. नंतर साध्या पाण्याचं फडकं हवंच, नाहीतर राहिलेल्या साबणावर धूळ बसते.

पांढरा मॅजिक स्पंज मात्र जपून वापरा. तो मेलामाइनचा असतो आणि बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, म्हणून तो चमकत नाही. घासून सपाट झाला की डाग जातो आणि तिथं चकाकता ठिपका उरतो. समोरून दिसत नाही, पण ट्यूबलाइटच्या तिरप्या उजेडात लगेच कळतो. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती भिंत रंगवण्यावाचून इलाज नाही. तसं करायचं झालं तरी तेल आधी काढा. तेलावर रंग धरत नाही आणि पिवळा डाग पुन्हा वर येतो. रंगाऱ्याला बोर्डाभोवतीच्या भिंतीला मॅटऐवजी साटिन फिनिश द्यायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी नुसत्या साबणाच्या फडक्यावर भागेल.