'मोअर बेटर' कुठून येतं?

सहावी-सातवीच्या इंग्रजीच्या वह्यांत एक वाक्य हटकून सापडतं : 'धिस पेन इज मोअर बेटर दॅन दॅट पेन.' शिक्षक 'मोअर'वर लाल काट मारतात. मला वाटतं, काट मारण्याआधी ही चूक कशी होते ते मुलांना सांगायला हवं.

मराठीत तुलना करताना विशेषणाला आपण हातच लावत नाही. 'रमा सीमापेक्षा उंच', 'रमा वर्गात सर्वांत उंच' : 'उंच' जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत मात्र विशेषणावर खूण करावी लागते. लहान शब्दाला ती मागून जोडतात : टॉल, टॉलर, टॉलेस्ट. 'ब्युटिफुल'सारख्या लांब शब्दाच्या आधी 'मोअर' किंवा 'मोस्ट' येतं. 'हॅपी'चं 'हॅपिअर' होतं. खूण कोणतीही असो, ती एकदाच करायची.

'मोअर टॉलर'मधली चूक कानाला निदान कळते, कारण 'टॉल'ला जोडलेला 'अर' ऐकू येतो. खरी अडचण अनियमित रूपांची आहे. गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट. लिटल, लेस, लीस्ट. 'बेटर'मध्ये 'गुड' कुठेच दिसत नाही, कारण ते वेगळ्याच धातूतून आलेलं आहे. 'वर्स'च्या शेवटी तर 'अर'सुद्धा नाही. त्यामुळे तुलना आधीच झाली आहे हे मुलाच्या लक्षात येत नाही आणि ते 'मोअर वर्स' किंवा 'वर्सर' लिहितं.

'माय कोल्ड इज मोअर वर्स टुडे' हे वाक्य पाहा. मुलाला सांगायचंय की सर्दी कालच्यापेक्षा खूपच वाढली आहे. नुसतं 'मोअर' खोडलं तर व्याकरण सुधारतं, पण 'खूपच' हरवतं. इथे 'मच' हवं : 'माय कोल्ड इज मच वर्स टुडे.' तसंच 'मच बेटर', 'मच टॉलर'. शंका आली की विशेषणाला लागून 'दॅन' ठेवून पाहावं. 'बेटर दॅन', 'वर्स दॅन' जुळतं, म्हणजे 'मोअर' नको. 'ब्युटिफुल दॅन' अडखळतं, म्हणजे तिथे 'मोअर' हवंच.

इंग्रजीत हा नियम कायमचाच होता असंही नाही. शेक्सपिअरने 'ज्युलिअस सीझर'मध्ये 'मोस्ट' आणि 'एस्ट' एकाच विशेषणाला लावलेत, तेही भाषणाला धार यावी म्हणून. पुढे रॉबर्ट लाउथ यांनी 1762 सालच्या आपल्या व्याकरणात अशी दुहेरी रूपं चुकीची ठरवली. आजच्या प्रमाण लेखनात ती चालत नाहीत. एक जुना शब्द मात्र टिकून आहे : 'लेसर', म्हणजे दोहोंतला कमी महत्त्वाचा किंवा लहान. 'लेस' हे मुळातच तुलनेचं रूप, त्याला आणखी 'अर' जोडून तो तयार झाला. तो शब्दकोशात आहे आणि परीक्षेत लिहिला तरी बरोबरच धरला जातो. 'वर्सर' मात्र चुकीचाच.