सहा लिटर की चाळीस?

पावसाळा सरला की मुंबई-ठाण्याच्या तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींमध्ये एकच तक्रार ऐकू येते. स्वयंपाकघराच्या छताचा तुकडा पडला, आतली सळई उघडी पडली, ती लाल झाली आहे. सोसायटीची सभा भरते, दुरुस्तीची कोटेशनं येतात, आणि त्यात एक ओळ असते: ‘पॉलिमर मोर्टारने दुरुस्ती, सरासरी जाडी २५ मिमी, दर प्रति चौरस फूट’. या ओळीतलं क्षेत्रफळ सगळे तपासतात. जाडीकडे फारसं कुणी पाहत नाही. खरं तर काम टिकणार की दोन वर्षांत पुन्हा पोपडे धरणार, हे बहुतेक वेळा त्या जाडीतच ठरतं.

आधी काँक्रीट सुटतं का, ते पाहू. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश भरपूर असतो. त्या अल्कलीमुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपतो आणि ती अल्कली मारत आत सरकतो. सळईवरचं काँक्रीटचं आवरण, ज्याला साइटवर ‘कव्हर’ म्हणतात, स्लॅबमध्ये जेमतेम १५ मिमी असेल, तर काही दशकांत तो सळईपर्यंत पोचतो. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातलं पाणी किंवा समुद्रावरचा खारा वारा त्याला हातभार लावतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. ती जागा आतून मिळत नाही, म्हणून खालचं कव्हर ढकललं जातं. आधी सळईच्या रेषेत तडा जातो, मग काँक्रीट फुगतं आणि शेवटी पडतं.

म्हणजे पडलेला तुकडा हा रोगाचा शेवटचा टप्पा. त्याच्या भोवतीचा भाग अजून लटकलेला असतो, पण आतून सुटलेला असतो. तो डोळ्यांनी दिसत नाही, हातोडीने ठोकून ऐकावा लागतो. चांगलं काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं भद्द वाजतं. भद्द वाजणारी हद्द खडूने आखली की खरं क्षेत्रफळ कळतं.

एक छत घेऊन हिशेब करू. पडलेला तुकडा ६०० मिमी बाय ५०० मिमी, म्हणजे ०.३० चौरस मीटर. खड्ड्याची खोली साधारण २० मिमी. मोर्टारच्या हिशेबातला सगळ्यात उपयोगी आकडा असा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर एक लिटर माल. चौरस फूट आणि इंचात बोलायचं तर एक चौरस फुटावर एक इंच म्हणजे सुमारे २.३६ लिटर. तेव्हा ०.३० गुणिले २०, सहा लिटर झाले. कोटेशन देणारा खाली उभं राहून हाच अंदाज बांधतो.

आता मिस्त्री परांचीवर चढतो आणि ठोकून पाहतो. भद्द आवाजाची हद्द निघते १.१ मीटर बाय ०.८ मीटर, म्हणजे ०.८८ चौरस मीटर. क्षेत्रफळ जवळपास तिप्पट झालं.

मग फोडकाम. आधी स्लॅबला खालून टेकू लावायचे, कारण आपण त्याच्या जाडीचा चांगलाच भाग काढणार आहोत आणि वर माणसं राहत आहेत. आखलेल्या हद्दीवर ग्राइंडरने सुमारे १० मिमी खोल सरळ काप घ्यायचा, मात्र वाटेत सळई कापली जाणार नाही हे पाहून. हा काप टाळला तर कडेला मोर्टारचा थर पातळ होत होत शून्यावर येतो, आणि तो पातळ ओठ सर्वात आधी उचलतो. फोडायचं किती? सळई दिसली की थांबायचं नाही. सळईच्या मागे बोट जाईल इतकी, साधारण १५ ते २० मिमी, जागा मोकळी करायची. सळईची मागची बाजू जुन्या, अल्कली मेलेल्या काँक्रीटमध्ये राहिली तर तिकडून गंज चालूच राहतो. लांबीच्या दिशेनेही स्वच्छ, न गंजलेली सळई लागेपर्यंत पुढे जायचं.

फोडलेल्या खोबणीत नऊ ठिकाणी खोली मोजू: ३२, ३८, ४५, ४०, ३६, ४२, ४४, ३५ आणि ३९ मिमी. सरासरी ३९. आता ०.८८ गुणिले ३९ म्हणजे ३४.३ लिटर. छताला खालून माल लावताना थोडा खाली पडतो, थोडा भांड्यात राहतो, म्हणून १५ टक्के वाढवले तर होतात चाळीस लिटर. सळयांनी व्यापलेली जागा अर्ध्या लिटरच्या आसपास असते, ती सोडून दिली तरी चालते.

सहाचे चाळीस झाले, आणि यात कुणी लबाडी केलेली नाही. उलट कंत्राटदाराने सहा लिटरमध्येच हे छत बसवलं असतं तर लबाडी झाली असती.

चाळीस लिटर मोर्टारला माल किती? साइटवर मिसळायचं असेल तर आपल्याकडे १:५:१५ हे वजनी प्रमाण रुळलेलं आहे: एक भाग पॉलिमर, पाच भाग सिमेंट, पंधरा भाग क्वार्ट्झ वाळू. पन्नास किलोच्या एका सिमेंट पिशवीला १० किलो पॉलिमर आणि १५० किलो वाळू लागते, पाणी बेताचं, आणि त्यातून सुमारे १०५ लिटर मोर्टार होतं. चाळीस लिटरला याच्या ३८ टक्के, म्हणजे १९ किलो सिमेंट, ५७ किलो वाळू आणि जवळपास ४ किलो पॉलिमर. तयार कोरड्या मिश्रणाची २५ किलोची पिशवी घेतली तर ती साधारण १२ ते १३ लिटर भरते, म्हणून चार पिशव्या. नेमका आकडा पिशवीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो, तोच धरावा.

हे पॉलिमर म्हणजे दुधासारखं पांढरं द्रव. त्यात प्लास्टिकसारख्या पदार्थाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी निघून गेलं की ते एकमेकांना चिकटून सिमेंटच्या कणांमध्ये पडद्यासारखा थर धरतात. त्यामुळे मोर्टार जुन्या काँक्रीटला घट्ट धरतं, कमी तडकतं आणि पाणी कमी पितं. दुरुस्तीला एसबीआर किंवा ॲक्रिलिक जातीचं पॉलिमर लागतं. पीव्हीए जातीचं स्वस्त पॉलिमरही पांढरंच दिसतं, पण ओल लागली की ते पुन्हा मऊ पडतं. न्हाणीघराखालच्या छताला ते वापरणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. म्हणून डब्यावरचं नाव स्वतः वाचा.

लावण्याची रीतही हिशेबाला बांधलेली आहे. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत घासून तिला गंजरोधक लेप द्यायचा. सळईचा छेद पाचव्या-चौथ्या हिश्श्याने झिजला असेल तर अभियंत्याला विचारून शेजारी नवी सळई जोडायची. जुनं काँक्रीट धुऊन ओलसर ठेवायचं आणि पॉलिमर-सिमेंटचा चिकट लेप ब्रशने लावायचा. हा लेप ओला, बोटाला चिकटतोय तोवरच मोर्टार दाबून बसवायचं. लेप वाळून गेला तर तो चिकटवण्याऐवजी दोन थरांना वेगळं करतो. छताला एका वेळी १० ते १५ मिमीपेक्षा जाड थर देऊ नये, तो स्वतःच्या वजनाने खाली येतो. म्हणजे ३९ मिमीला तीन थर, प्रत्येकाची पाठ खरवडून. एका दुपारी ‘पॉलिमर झालं’ असं कुणी सांगितलं, तर तीन थर झाले नाहीत हे समजून जावं. खोली ५० मिमीच्या वर गेली की मोर्टारचा नाद सोडून साचा बांधून मायक्रोकाँक्रीट ओतणं बरं.

तड्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि तिथे उलटी गंमत होते. तीन मीटर लांब, ०.४ मिमी रुंद आणि १२५ मिमी जाडीच्या स्लॅबमधून आरपार गेलेला तडा घ्या. लांबी गुणिले जाडी गुणिले रुंदी केलं तर त्याचं पोट भरतं फक्त १५० मिलिलिटर. अर्धी पाण्याची बाटलीसुद्धा नाही. पण त्यात पातळ इपॉक्सी दाबाने भरायला दर २५० मिमीवर नळी, म्हणजे निपल, बसवावी लागते. तेरा निपलांसाठी १२ मिमी व्यासाची, ५० मिमी खोल तेरा भोकं पाडली तर ती भोकंच सुमारे ७५ मिलिलिटर इपॉक्सी पितात. पंपात, नळीत आणि गळतीत जाणारं धरून दुप्पट केलं की साडेचारशे मिलिलिटर, म्हणजे अर्धा किलो लागतं.

हा आकडा हाताशी असला की काम सुरू असतानाच चूक पकडता येते. तड्याचा पृष्ठभाग पुट्टीने बंद करून इपॉक्सी एका टोकाच्या, उभा तडा असेल तर सर्वात खालच्या, निपलमधून सोडतात. पुढच्या निपलमधून ते बाहेर आलं की मागचं बंद करून पुढे सरकतात. संपूर्ण तड्याने जेमतेम पन्नास मिलिलिटर घेतलं तर आत धूळ अडकली आहे, तडा भरलेला नाही. दोन लिटर गेलं आणि तरी पुढच्या निपलला थेंब नाही, तर आत पोकळी आहे किंवा माल पलीकडून वाहून जातोय. अशा वेळी थांबून शोध घ्यायचा, पंप मारत राहायचं नाही.

आणि कुठल्या तड्यात इपॉक्सी भरायचंच नाही, हे त्याहून महत्त्वाचं. सळईच्या रेषेत गेलेला तडा गंजामुळे पडलेला असतो. त्यात इपॉक्सी भरलं तर गंज आतच राहतो आणि शेजारी नवा तडा काढतो. तो तडा फोडून, सळई साफ करून मोर्टारनेच भरायला हवा. उन्हाने उघडझाप करणाऱ्या तड्यातही ताठ इपॉक्सी टिकत नाही. तिथे लवचिक सीलंट लागतं. तडा हलतो की नाही, हे त्यावर काचेची पट्टी चिकटवून काही आठवडे पाहिलं की कळतं. काच तडकली तर तडा जिवंत आहे.

उत्तम मोर्टारलाही एक मर्यादा आहे. समुद्राजवळच्या इमारतीत मिठाचा अंश सगळ्या स्लॅबभर मुरलेला असतो. आपण एक भाग नव्या मोर्टारने सुरक्षित केला की त्याच्या कडेबाहेरची जुनी सळई आधीपेक्षा वेगाने गंजू शकते. काही वर्षांत ठिगळाभोवती नवे पोपडे येतात ते यामुळे. म्हणून पाण्याची गळती बंद केल्याशिवाय आणि हद्द पुरेशी वाढवल्याशिवाय ठिगळ लावण्यात अर्थ नाही.

सोसायटीच्या समितीला माझी कळकळीची विनंती आहे. निविदेत ‘सरासरी २५ मिमी’ लिहून सोडू नका. जास्त खोलीचा दर प्रति लिटर किंवा प्रति ५ मिमी आधीच ठरवा. फोडकाम झाल्यावर, लेप लावण्याआधी, प्रत्येक खोबणीचं क्षेत्रफळ आणि किमान नऊ ठिकाणची खोली मोजमाप वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा. मग रिकाम्या पिशव्या आणि पॉलिमरचे डबे मोजा. वहीत शंभर लिटरची जागा असेल आणि कोपऱ्यात २५ किलोच्या चारच पिशव्या पडल्या असतील, तर उरलेली जागा साध्या वाळू-सिमेंटने भरली आहे. ते बिल मंजूर करू नका.